डिस्चार्जच्या कागदावरची गोळी आणि तारीख घरच्यांना समजावताना: एकही मात्रा न बदलता

रुग्णालयातून घरी जाताना हातात पडणारा डिस्चार्जचा कागद डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो, पण त्याप्रमाणे गोळ्या देण्याचे काम घरातली सून, मुलगा किंवा बायको करते. या दोघांच्या मध्ये उभे राहून कागद समजावून सांगणारी व्यक्ती कधी वॉर्डातली सिस्टर असते, कधी मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट, कधी गावातली आशाताई, तर कधी घरातला शिकलेला पुतण्या. हा लेख त्या मधल्या व्यक्तीसाठी आहे. सोलापुरातल्या वॉर्डांमध्ये परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे हे काम केले आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. समजावणाऱ्याच्या हातून मात्रा बदलते ती बहुधा मुद्दाम बदललेली नसते. कागदावर जे स्पष्ट नसते ते तो आपल्या अंदाजाने स्पष्ट करून सांगतो आणि तिथेच ती बदलते.

सगळ्या आजारांबद्दल थोडे थोडे लिहिण्यापेक्षा मी एकच कागद घेऊन शेवटपर्यंत जाते. ओळख पटू नये म्हणून व्यक्ती आणि तारखा मी माझ्या पद्धतीने मांडल्या आहेत, पण कागदावरच्या ओळी रोज दिसणाऱ्याच आहेत.

रुग्ण ६४ वर्षांच्या बाई. राहणार पूर्व भागात, आयुष्यभर विड्या वळल्या, घरात बोलणे तेलुगू. हृदयाचे पंपिंग कमी होऊन फुप्फुसांत पाणी साठल्यामुळे भरती झाल्या होत्या, आणि हृदयाचे ठोकेही अनियमित होते. मुलगा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो, त्यामुळे औषधे सूनबाईच देणार. त्या मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी अक्षरे ओळखतात पण कागदभर वाचत नाहीत. डिस्चार्ज शुक्रवारी, ९ जानेवारी २०२६ रोजी दुपारी झाला. कागदावर पाच औषधे होती. फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ., १-१-०, सात दिवस आणि त्यानंतर १-०-० चालू. स्पायरोनोलॅक्टोन २५ मि.ग्रॅ., १-०-०. मेटोप्रोलॉल एक्सएल २५ मि.ग्रॅ., १-०-०. रॅमिप्रिल २.५ मि.ग्रॅ., ०-०-१. आणि डिजॉक्सिन ०.२५ मि.ग्रॅ., ½-०-०, पुढे कंसात ५/७. खाली एक ओळ होती: एका आठवड्याने मेडिसिन ओपीडीत क्रिएटिनिन आणि इलेक्ट्रोलाइट्सच्या रिपोर्टसह दाखवणे, तीन महिन्यांनी टू-डी इको.

पहिले काम: समजावण्याआधी स्वतः वाचणे

नातेवाइकाला समोर बसवण्यापूर्वी कागद एकदा एकटीने, पेन्सिल हातात घेऊन वाचावा आणि ज्या ओळीचे दोन अर्थ होऊ शकतात तिच्यासमोर खूण करावी. इथे स्वतःशी प्रामाणिक राहणे कठीण जाते, कारण सवयीच्या डोळ्याला एकच अर्थ दिसतो. मी प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारते: गोळी कोणती आणि किती ताकदीची, एका वेळी किती गोळ्या, दिवसातून कोणत्या वेळी, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. या चारपैकी एकाचेही उत्तर कागदावर लिहिलेले नसेल आणि ते मला माझ्या अनुभवावरून भरावे लागत असेल, तर ती ओळ मी समजावत नाही. आधी डॉक्टरांना विचारते.

या कागदावर अशा तीन खुणा झाल्या.

पहिली खूण डिजॉक्सिनच्या ५/७ वर. आपल्याकडे अनेक डॉक्टर ही गोळी आठवड्यातले पाच दिवस देऊन दोन दिवस बंद ठेवतात आणि ते असे लिहितात. पण जुन्या इंग्रजी पद्धतीच्या लिखाणात हीच खूण ‘पाच दिवसांसाठी’ या अर्थानेही वापरतात. सूनबाईंनी कागद हातात घेताच विचारले होते, “सिस्टर, पाच दिवस म्हणजे बुधवारी बंद करायची ना?” शनिवारपासून मोजले तर पाचवा दिवस १४ तारखेचा बुधवारच येतो, म्हणजे त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता, फक्त खुणेचा अर्थ वेगळा होता. तो अर्थ धरला असता तर शनिवार-रविवारी गोळी दिली गेली असती आणि पुढच्या गुरुवारपासून ती कायमची बंद झाली असती. डॉक्टरांना म्हणायचे होते की सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी अर्धी गोळी द्यायची, शनिवार-रविवारी नाही, आणि हे पुढच्या भेटीपर्यंत चालू ठेवायचे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात अशीच एक ओळ मी न विचारता ‘पाच दिवस’ म्हणून सांगितली होती. वरिष्ठ सिस्टरांनी ते नातेवाईक जिना उतरण्याआधी परत बोलावले म्हणून ती चूक घरापर्यंत गेली नाही. तेव्हापासून मला अर्थ माहीत असला तरी ही खूण मी विचारल्याशिवाय सोडत नाही.

डिजॉक्सिनच्या बाबतीत इतकी काळजी का, हेही सांगायला हवे. या औषधाची उपयोगी पडणारी मात्रा आणि त्रास देणारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. ते शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे क्रिएटिनिन वाढले की ते साठू लागते. शिवाय फ्युरोसेमाइडमुळे लघवीवाटे पोटॅशियम जाते, आणि रक्तातले पोटॅशियम कमी झाले की डिजॉक्सिनचा विषारी परिणाम लवकर होतो. दुसरीकडे स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल या दोन्ही गोळ्या पोटॅशियम वाढवतात. आठवड्याने रक्त तपासायला सांगितले आहे ते या ओढाताणीमुळे, आणि म्हणूनच या कागदावरची तारीख औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरी खूण फ्युरोसेमाइडच्या ‘सात दिवस’ वर. हे सात दिवस डिस्चार्जच्या दिवसापासून मोजायचे की दुसऱ्या दिवसापासून? ९ तारखेपासून मोजले तर दुपारची शेवटची गोळी १५ ला येते, १० पासून मोजले तर १६ ला. फरक एका गोळीचा आहे आणि कोणीही म्हणेल की त्याने काय होते. पण तो फरक किती मोठा हे ठरवणे समजावणाऱ्याचे काम नाही. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी ९ जानेवारी हा पहिला दिवस धरायला सांगितले आणि कागदावर स्वतःच्या हाताने ‘दुपारची गोळी १५ जानेवारीपर्यंत’ असे लिहून सही केली.

तिसरी खूण कागदावर जे नव्हते त्याची. बाई आधीपासून रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. घेत होत्या, आणि डिस्चार्जच्या कागदात तिचा उल्लेखच नव्हता. घरचे सहसा दोनपैकी एक समजतात: लिहिली नाही म्हणजे बंद, किंवा बंद करा असे म्हटले नाही म्हणजे चालू. समजावणाऱ्याने यातला कोणताही अर्थ काढू नये. डॉक्टरांनी ‘अॅम्लोडिपिन बंद’ असे लिहून दिल्यावरच मी ते पुढे सांगितले.

डॉक्टरांना विचारताना

वॉर्डातच असाल तर कागद घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहणे सर्वांत चांगले. घरी गेल्यावर शंका आली तर फोनवर ‘त्या लघवीच्या गोळीचं विचारायचं होतं’ असे म्हणून चालत नाही, कारण पलीकडच्या डॉक्टरांसमोर कागद नसतो. रुग्णाचे नाव, भरतीचा नोंदणी क्रमांक आणि डिस्चार्जची तारीख सांगावी, मग ओळ जशी छापली आहे तशी अक्षर न् अक्षर वाचून दाखवावी, आणि त्यानंतर प्रश्न विचारावा. प्रश्नात आपले उत्तर घालू नये. ‘सात दिवस म्हणजे १६ तारखेपर्यंतच ना?’ असे विचारले की घाईत असलेला माणूस ‘हो’ म्हणून जातो. ‘दुपारची शेवटची गोळी कोणत्या तारखेला द्यायची?’ असे विचारले की त्याला तारीख सांगावीच लागते. मिळालेले उत्तर लगेच मोठ्याने परत म्हणून दाखवावे, आणि कोणी, केव्हा सांगितले ते कागदाच्या कडेला लिहावे. फोन लागत नसेल तर ज्या रुग्णालयातून सोडले तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे कागद आणि गोळ्या घेऊन त्याच दिवशी जावे. शेजाऱ्यांना तीच गोळी चालू आहे म्हणून त्यांच्याकडून अर्थ लावून घेऊ नये.

पट्ट्या आणि कागद समोरासमोर

औषधे दुकानातून आल्याशिवाय समजावायला बसू नये. सूनबाई रोज हातात घेणार ती पट्टी. कागद त्या उघडतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक पट्टी कागदावरच्या ओळीशेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवाव्यात: औषधाचे मूळ नाव, ताकद, आणि नावामागची शेपटी. कंपनीचे नाव वेगळे असू शकते, जनऔषधी दुकानातली पट्टी वेगळ्या रंगाची असू शकते, त्याने बिघडत नाही. पण मेटोप्रोलॉलच्या पट्टीवर ‘एक्सएल’ नसेल तर ती वेगळी गोळी आहे. एक्सएलची गोळी औषध दिवसभर हळूहळू सोडते. आमच्याकडे दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला गोळी कुटून दुधात किंवा भाकरीच्या काल्यात देण्याची पद्धत सर्रास आहे, आणि या बाईंना त्यांच्या घरी तशाच दिल्या जात होत्या. एक्सएलची गोळी कुटली की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते, नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. कागदावरची मात्रा तीच राहिली तरी शरीराला मिळणारी मात्रा बदलली. म्हणून मी सूनबाईंकडून ‘ही कुटायची नाही, चावायला सांगायची नाही’ एवढे वाक्य म्हणवून घेतले. गोळी गिळणेच जमत नसेल तर त्यावर काय करायचे हे डॉक्टर ठरवतील.

ताकदीबद्दल लोक ‘चाळीस पॉवरची गोळी’ असे म्हणतात, आणि ते बरेच आहे, कारण त्यामुळे आकडा लक्षात राहतो. मात्र दुकानात ४० ची नसल्यामुळे २० ची दिली आणि ‘दोन-दोन घ्या’ असे तोंडी सांगितले, तर घरी गेल्यावर ते ‘दोन’ विसरले जाते, किंवा पुढच्या महिन्यात ४० ची पट्टी आल्यावरही दोनच दिल्या जातात. शक्यतो कागदावरच्याच ताकदीची पट्टी मिळवावी. नाहीच मिळाली तर डॉक्टरांना कळवून, फार्मासिस्टकडून पट्टीवरच ठळक लिहून घ्यावे आणि ती पट्टी संपली की ती सूचनाही संपली असे समजावे. डिजॉक्सिनच्या ०.२५ मधला टिंब मोबाइलवर काढलेल्या फोटोत पुसट होतो, म्हणून औषध आणताना दुकानात फोटो दाखवू नये, मूळ कागद न्यावा.

अर्धी गोळी हाही असाच एक नाजूक मुद्दा. डिजॉक्सिनची गोळी लहान असते आणि बोटांनी मोडली की एक तुकडा मोठा, एक लहान होतो. मेडिकलमध्ये गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती घ्यायला सांगावी. उरलेली अर्धी झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी तीच द्यावी, म्हणजे मोजणीही सरळ राहते.

यानंतर घरातली जुनी औषधांची पिशवी मागवावी. ती बहुधा देवघराजवळ किंवा फ्रिजवर असते आणि वॉर्डात कोणी आणत नाही, म्हणून संध्याकाळी मुलाला फोनवरून एकेक पट्टी वाचायला लावावी लागली तरी चालेल. या बाईंच्या पिशवीत अॅम्लोडिपिनखेरीज आणखी एक पट्टी निघाली, जिच्या एकाच गोळीत फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही होते. नाव वेगळे, रंग वेगळा, पण नव्या कागदावरच्या पहिल्या दोन औषधांचीच ती जोडगोळी. ‘ही पाय सुजल्यावर द्यायची’ असे घरात ठरलेले होते. पाय पुन्हा सुजले असते तर ती सहज दिली गेली असती, आणि लघवीचे औषध दुप्पट झाले असते. डॉक्टरांना विचारून दोन्ही जुन्या पट्ट्या बाजूला काढल्या आणि भेटीच्या दिवशी दाखवायच्या पिशवीत ठेवल्या.

तक्ता: भाषांतर नको, नक्कल हवी

आता सूनबाईंसाठी घरातल्या घड्याळाप्रमाणे तक्ता करायचा. मूळ कागदातले १-१-० याचा अर्थ सकाळ-दुपार-रात्र, हे बहुतेकांना माहीत असते; पण काही रुग्णालये सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार आकडे लिहितात, त्यामुळे आधी आकडे मोजून घ्यावेत. वेळ ठरवताना कागदावरची वेळ हलवू नये, फक्त तिला घरातल्या एखाद्या नेमाशी बांधावे. फ्युरोसेमाइडची दुसरी गोळी दुपारी किती वाजता, हे डॉक्टरांनी दोन वाजता असे सांगितले, कारण ती संध्याकाळी उशिरा दिली तर रात्रभर लघवीला उठावे लागते आणि अंधारात पडण्याची भीती असते. सूनबाईंची दुपारची जेवणे दोनच्या सुमारास होतात, ते जुळले.

आकड्यांच्या लिपीकडे सोलापुरात खास लक्ष द्यावे लागते. मराठी १ हा आकडा घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा, आणि कानडी घरातल्या आजोबांनी कानडी एक लिहिला तर तो गोल शून्यासारखा वाटतो. एका तक्त्यात एकाच लिपीचे आकडे असावेत, आणि गोळ्यांची संख्या आकड्याबरोबर अक्षरातही लिहावी: ‘१ (एक) गोळी’, ‘½ (अर्धी) गोळी’. तारखेसोबत वार लिहावा. महिन्याचे नाव आकड्यात न लिहिता अक्षरात लिहावे.

सूनबाईंचा तक्ता शेवटी असा झाला:

- फ्युरोसेमाइड ४०: सकाळी ८ वाजता १ (एक) आणि दुपारी २ वाजता १ (एक), गुरुवार १५ जानेवारीपर्यंत. शुक्रवार १६ जानेवारीपासून फक्त सकाळी १ (एक).
- स्पायरोनोलॅक्टोन २५: सकाळी १ (एक), रोज, चालू.
- मेटोप्रोलॉल एक्सएल २५: सकाळी १ (एक), रोज, चालू. कुटू नये.
- डिजॉक्सिन ०.२५: सोमवार ते शुक्रवार सकाळी ½ (अर्धी). शनिवार-रविवार नाही.
- रॅमिप्रिल २.५: रात्री जेवणानंतर, झोपताना १ (एक), रोज, चालू.

रॅमिप्रिल जेवणाआधी की नंतर हे कागदावर नव्हते. ‘जेवणानंतर, झोपताना’ हे शब्द डॉक्टरांनी सांगितल्यावर मी लिहिले, माझ्या मनाने नाही. ‘चालू’ याचा अर्थही मोकळा करून सांगावा लागतो: पट्टी संपली म्हणजे औषध संपले असे नाही, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत नवी पट्टी आणायची, आणि पट्टीत सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की आणायला जायचे.

तक्त्यावर वरच्या बाजूला एक ओळ लिहायला विसरू नये, आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते: वॉर्डात शेवटची गोळी केव्हा दिली. ९ तारखेची सकाळची सगळी औषधे आम्ही आठ वाजता दिली होती. ते लिहिले नसते तर दुपारी घरी पोहोचल्यावर ‘आजच्या गोळ्या राहिल्या’ म्हणून सकाळचा संच पुन्हा दिला गेला असता. म्हणून तक्त्याची पहिली चौकट मी स्वतः भरली: ‘९ जानेवारी, शुक्रवार, सकाळ: वॉर्डात दिले. घरी पहिली गोळी: आज दुपारी २, फ्युरोसेमाइड एक.’ तक्ता मूळ कागदाला टाचून ठेवावा, म्हणजे शंका आली तर मूळ ओळ हाताशी राहते.

समजले का, असे विचारू नका

या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात. वॉर्डात रिकाम्या खाटेसाठी दुसरा रुग्ण उभा असतो, रिक्षा खाली थांबलेली असते, आणि सिस्टरला परत विचारायचा संकोच असतो. त्याऐवजी प्रसंग देऊन विचारावे. मी सूनबाईंना विचारले, “वहिनी, उद्या शनिवार. उद्या सकाळी कोणत्या गोळ्या द्याल, पट्टीतून काढून दाखवा.” त्यांनी चारही पट्ट्यांना हात लावला, डिजॉक्सिनसह. मग तक्त्यावर शनिवार-रविवारच्या चौकटींवर आम्ही दोघींनी मिळून लाल काट मारली आणि पुन्हा विचारले. दुसरा प्रश्न होता, “१६ तारखेला शुक्रवारी दुपारी दोन वाजता काय द्याल?” तेव्हा त्या थोडा वेळ तक्ता बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “काहीच नाही.” ते उत्तर बरोबर होते. मात्र हे उत्तर आपल्याकडून आले, त्यांच्याकडून आले नाही, तर समजावणे पूर्ण झालेले नाही.

गोळी द्यायला विसरले तर काय, उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर काय, एकादशीच्या उपवासाला काय, हे तीन प्रश्न डिस्चार्जच्या वेळीच प्रत्येक औषधासाठी डॉक्टरांना विचारून तक्त्याच्या मागे उत्तर लिहून घ्यावे. औषधानुसार उत्तर बदलते, म्हणून सरसकट नियम मी इथे देत नाही. इतकेच सांगते की राहिलेली गोळी भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दोन एकदम द्यायच्या नाहीत.

मात्रेला न शिवता मात्रा बिघडवणाऱ्या गोष्टी

काही गोष्टी औषधात मोडत नाहीत, त्यामुळे त्या घरात कोणाला विचारून केल्या जात नाहीत. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडावर ताण आणते, आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करते. दुखण्यासाठी काय चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. दुसरी गोष्ट त्याहून अनपेक्षित आहे. मीठ कमी करा असे सांगितल्यावर मुलाने हौसेने बाजारातून ‘कमी सोडियमचे मीठ’ आणले होते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि या बाईंना पोटॅशियम वाढवणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. साधेच मीठ, पण मोजून कमी, आणि शेंगाचटणी, पापड, लोणचे यांतले मीठही हिशेबात धरायचे, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले.

पाठपुराव्याची तारीख

‘एका आठवड्याने’ ही तारीख नाही. ९ जानेवारीला शुक्रवार होता, म्हणजे आठवड्याने १६ चा शुक्रवार येतो. पण त्या डॉक्टरांच्या युनिटची ओपीडी सोमवारी आणि गुरुवारी असते. मग एक दिवस आधी १५ ला जायचे की तीन दिवस उशिरा १९ ला? हे पोटॅशियम-क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर अवलंबून असल्याने तेही डॉक्टरांनाच विचारले. त्यांनी गुरुवार १५ जानेवारी ही तारीख दिली आणि रक्त आदल्या दिवशी द्यायला सांगितले. आदला दिवस १४ जानेवारी, संक्रांत. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत शहरातले रस्ते गर्दीने भरतात आणि वाहतूक वळवलेली असते, हे सोलापूरकराला सांगायला नको. सूनबाईंच्या जवळच्या लॅबला फोन केला तर ती १४ ला बंद राहणार होती. रक्त मंगळवारी १३ ला दिले तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारले, त्यांनी होकार दिला, आणि तसे कागदावर लिहिले. हे सगळे वॉर्डातून निघण्याआधी दहा मिनिटांत झाले. घरी गेल्यावर त्याला दोन दिवस लागले असते. रक्त उपाशीपोटी द्यायचे का आणि त्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची की नंतर, हेही विचारून घ्यावे, नाहीतर उपाशी राहायच्या नादात सकाळची गोळी चुकते.

‘तीन महिन्यांनी टू-डी इको’ याची तारीख ९ एप्रिल, आणि तो गुरुवार, म्हणजे ओपीडीचाच वार. पण इकोची वेळ आधी नोंदवावी लागते. म्हणून मी मार्चच्या पहिल्या सोमवारी, २ तारखेला, ‘इकोची वेळ घ्यायला जाणे’ असे वेगळे लिहून दिले. तपासणीची तारीख आणि तपासणीची वेळ नोंदवण्याची तारीख या दोन वेगळ्या नोंदी असतात. घरात टांगलेल्या दिनदर्शिकेवर चारही तारखांना सूनबाईंनी स्वतःच्या हाताने गोल केले: १३ जानेवारी रक्त, १५ जानेवारी ओपीडी, २ मार्च इकोची नोंदणी, ९ एप्रिल इको.

तारखेची वाट न पाहता कधी यायचे, हे तक्त्याच्या खाली ठळक अक्षरांत असावे. या आजारात रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करून लिहायला सांगतात. तीन दिवसांत साधारण दोन किलो किंवा जास्त वाढले तर पाणी पुन्हा साठू लागल्याची ती खूण असते. मात्र तुमच्या कागदावर वेगळा आकडा लिहिला असेल तर तोच धरावा. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणे, डोळ्यांसमोर पिवळसर दिसणे, नाडी फार मंद होणे ही डिजॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात. जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा उठल्यावर चक्कर येऊ लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, कारण या गोळ्या तशा स्थितीत थांबवायच्या की चालू ठेवायच्या हे तेच ठरवू शकतात. दम लागून आडवे होता येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपली तर फोनवर विचारत न बसता १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करावा.

भेटीच्या सकाळी गोळ्या मोजा

ठरल्याप्रमाणे औषध गेले की नाही हे तक्त्यावरच्या खुणांपेक्षा पट्टी खरे सांगते. १५ जानेवारीला सकाळच्या गोळ्या दिल्यावर सूनबाईंनी मोजायचे होते. फ्युरोसेमाइडच्या ३० गोळ्या आणल्या होत्या. ९ ला दुपारी एक, १० ते १४ या पाच दिवसांत दहा, आणि १५ ला सकाळी एक, म्हणजे बारा गेल्या आणि अठरा उरायला हव्यात. डिजॉक्सिनच्या दहा होत्या. सोमवार ते गुरुवार चार वेळा अर्धी, म्हणजे दोन गेल्या, आठ उरायला हव्यात. फ्युरोसेमाइडच्या अठराच उरल्या होत्या. डिजॉक्सिनच्या मात्र साडेसात उरल्या. एक अर्धी जास्त गेली होती. विचारल्यावर कळले की रविवारी मुलगा घरी होता, आणि लाल काट न बघता त्याने सकाळचा संच दिला. सूनबाईंनी ते लपवले नाही, डॉक्टरांना तसेच सांगितले. डॉक्टरांनी नाडी मोजली, मंगळवारच्या रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहिले, आणि काही बदल न करता पुढे चालू ठेवायला सांगितले. मोजले नसते तर हे कोणाला कळले नसते. त्या दिवसापासून मुलालाही तक्ता वाचून दाखवायला लावून मगच गोळ्या द्यायच्या असे ठरले.

ओपीडीला जाताना पिशवीत डिस्चार्जचा मूळ कागद, टाचलेला तक्ता, वजनाची वही, १३ तारखेचा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या आणि बंद केलेल्या दोन जुन्या पट्ट्या होत्या. डॉक्टरांनी एखादी ओळ बदलली तर जुन्या तक्त्यावर खाडाखोड करून नवा आकडा बसवायचा नाही. जुना तक्ता आडवी रेघ मारून, ‘१५ जानेवारी २०२६ पर्यंत’ असे लिहून मागे टाचायचा, आणि ओपीडीच्या कागदावरून नवा तक्ता पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचा.